चार कप्प्यांचं मॉडेल: चरबी मोजायच्या सोप्या पद्धती कशाशी ताडून पाहायच्या? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकचं, त्यामुळे प्रबंधाचे विषय ठरायला लागले की फिजिओथेरपीचे, आहारशास्त्राचे, शरीरक्रियाशास्त्राचे विद्यार्थी एकच प्रश्न घेऊन येतात: बीआयए मशीन किंवा स्किनफोल्ड बरोबर आहे की नाही हे कशाशी ताडून बघू? मैदानावर धावपटू घडवणारे कोचही वेगळ्या शब्दांत हेच विचारतात. त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

जिमच्या मशीनने २६ टक्के चरबी दाखवली, कॅलिपरने २२ आली. खरी कोणती?

दोन्ही साधनं चरबी मोजतच नाहीत. बीआयए मशीन अंगातून अगदी सौम्य वीज सोडून तिला किती अडथळा होतो ते बघतं. कॅलिपर कातडीची घडी, म्हणजे स्किनफोल्ड, किती मिलिमीटर जाड आहे ते सांगतो. त्या आकड्यापासून टक्क्यांपर्यंतचा प्रवास एक समीकरण करतं, आणि ते समीकरण कुणीतरी, कुठल्या तरी लोकांवर, कुठल्या तरी संदर्भ पद्धतीशी जुळवून बसवलेलं असतं.

आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं चार घड्यांचं समीकरण घ्या. डर्निन आणि वूमर्स्ली यांनी ते १९७४ साली ग्लासगोतल्या ४८१ स्त्री-पुरुषांवरून बसवलं, आणि त्यांच्याकडची संदर्भ पद्धत होती पाण्याखाली वजन करून काढलेली शरीराची घनता. म्हणजे सुरगाण्याच्या एखाद्या मुलीच्या दंडाची घडी मोजली की उत्तर ग्लासगोच्या लोकांच्या घनतेवरून येतं. घनतेचं टक्क्यांत रूपांतर करताना त्यात आणखी एक गृहीतक मिसळतं. त्यामुळे खरं कोणतं याआधी, कोणतं कशाशी ताडलेलं आहे, हे विचारायला हवं.

पण पाण्याखालचं वजन हेच गोल्ड स्टँडर्ड, असं आम्हाला शिकवलं होतं.

बरीच वर्षं तसंच मानलं जात होतं. त्या पद्धतीत शरीराचे दोनच कप्पे असतात: चरबी आणि बाकी सगळं. चरबीची घनता सुमारे ०.९०० ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, बाकी शरीराची १.१००. संपूर्ण शरीराची घनता D कळली की दोघांचा वाटा काढता येतो. सिरी यांचं १९६१ सालचं समीकरण याच गणितातून आलं:

```
%Fat = 495 / D - 450
```

चरबीची घनता माणसागणिक फारशी बदलत नाही, त्यामुळे ती बाजू पक्की आहे. अडचण १.१०० या आकड्याची आहे. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या शवांच्या रासायनिक पृथक्करणातून ‘बाकी शरीरा’चं जे चित्र उभं राहिलं, त्यात सुमारे ७३.८ टक्के पाणी, १९.४ टक्के प्रथिनं आणि ६.८ टक्के खनिजं होती. हे प्रमाण तुमच्या माणसात तंतोतंत तसंच असेल तरच १.१०० खरा. पाणी जास्त किंवा हाडं हलकी असली तर त्याच्या ‘बाकी शरीरा’ची घनता कमी असते, आणि समीकरण ती उणीव चरबीच्या खात्यात टाकतं. दाट हाडांच्या माणसात उलटं होऊन चरबी कमी दिसते.

मुलांमध्ये तर हे गृहीतक उघडच मोडतं. नवजात बाळाच्या चरबीविरहित शरीरात पाणी ८० टक्क्यांच्या आसपास असतं, आणि मूल मोठं होईल तसं ते हळूहळू प्रौढांच्या पातळीला येतं. शाळकरी मुलांना सिरींचं समीकरण लावलं की ती आहेत त्यापेक्षा लठ्ठ निघतात.

मग चार कप्पे कोणते, आणि ते कसे मोजतात?

चरबी, पाणी, खनिजं आणि उरलेला भाग. हा उरलेला भाग बहुतांशी प्रथिनंच असतो. यांतलं जे मोजता येतं ते गृहीत धरायचं नाही, एवढंच यामागचं तत्त्व आहे. शरीराचं वजन, शरीराचं आकारमान, एकूण पाणी आणि हाडांतलं खनिज या चार गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या. आकारमान पाण्याखालच्या वजनातून किंवा हवेच्या बंद कक्षातून येतं, पाणी ड्यूटेरियमने आणि हाडांचं खनिज डेक्सा या क्ष-किरणांच्या स्कॅनवरून.

प्रत्येक घटकाची घनता ठाऊक आहे: शरीराच्या तापमानाला पाण्याची ०.९९३७, चरबीची ०.९००७, खनिजांची ३.०४२ आणि प्रथिनांची १.३४. चारही घटकांच्या आकारमानांची बेरीज म्हणजे शरीराचं आकारमान, आणि वजनांची बेरीज म्हणजे शरीराचं वजन. ही दोन समीकरणं मांडून चरबी एका बाजूला काढली की सूत्र तयार होतं. फुलर आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडलेलं रूप वापरायला सोपं आहे, कारण त्यात डेक्साचा हाडांच्या खनिजाचा आकडा थेट घालता येतो:

```
F = 2.747*V - 0.710*W + 1.460*B - 2.050*M
```

इथे F म्हणजे चरबी किलोत, V आकारमान लिटरमध्ये, W एकूण पाणी, B हाडांतलं खनिज आणि M शरीराचं वजन. हाडाबाहेरही थोडी खनिजं असतात, स्नायूंत आणि शरीरातल्या द्रवांत. ती हाडांच्या ठरावीक प्रमाणात आहेत असं मानून १.४६० या गुणकातच धरली आहेत.

एखादं उदाहरण सोडवून दाखवाल का?

जिल्ह्यातली लांब पल्ल्याची एक तरुण धावपटू डोळ्यांसमोर आणा. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण अशा मुलींमध्ये दिसतात तसेच आहेत. वजन ४८ किलो, आकारमान ४५.९७ लिटर, पाणी २८.७ किलो, हाडांतलं खनिज १.८ किलो.

आधी फक्त घनतेवरून बघू. ४८ भागिले ४५.९७ म्हणजे १.०४४२. सिरींच्या समीकरणात घातलं की २४.१ टक्के, म्हणजे साधारण ११.५५ किलो चरबी.

आता चार कप्पे. आकारमानाचं पद १२६.२८, त्यातून पाण्याचे २०.३८ वजा, खनिजाचे २.६३ अधिक आणि वजनाचे ९८.४० वजा. उरतात १०.१३ किलो, म्हणजे २१.१ टक्के.

मुलगी तीच आणि सकाळही तीच, तरी उत्तरांत ३ टक्क्यांचा, म्हणजे जवळपास दीड किलोचा फरक आहे. तो का, हे चार कप्प्यांचे आकडेच सांगतात. तिच्या चरबीविरहित ३७.८७ किलोमध्ये पाणी ७५.८ टक्के आहे, गृहीत ७३.८ नाही. खनिजं सुमारे ६.१ टक्के आहेत, गृहीत ६.८ नाहीत. या दोन्हींमुळे तिच्या चरबीविरहित शरीराची घनता १.०९१ वर येते. नुसत्या घनतेच्या पद्धतीला यातलं काही दिसत नाही. तिला फक्त शरीर थोडं हलकं आहे एवढं कळतं, आणि हलकेपणाचं कारण तिच्या लेखी एकच: चरबी.

कोचने २४ टक्के धरून हिचं जेवण कमी करायला सांगितलं, तर ज्या मुलीची हाडं आधीच हलकी आहेत तिच्याच ताटातलं अन्न कमी होईल. मला या प्रश्नाची एवढी काळजी का वाटते, ते इथे कळावं.

धावून घाम गाळून आलेल्या खेळाडूची मोजणी केली तर चालेल का?

मोजणी सकाळी, उपाशीपोटी, आदल्या दिवशी भारी सराव नसताना करायची, हा नियम कायम आहे. पण तुम्ही विचारलं आहे म्हणून तीच मुलगी घेऊन बघू. समजा ती पहाटे त्र्यंबक रोडवर लांब पळून आली आणि तिच्या अंगातलं नेमकं १ किलो पाणी गेलं. चरबी जशीच्या तशी आहे.

वजन ४७, आकारमान सुमारे ४४.९६, पाणी २७.७. खनिज तेवढंच. चार कप्प्यांचं उत्तर पुन्हा १०.१३ किलोच येतं. पाणी कमी झालेलं मोजलं गेलं, त्यामुळे सूत्राने ते पाण्याच्याच नावावर टाकलं. सिरींचं समीकरण मात्र आता २३.६ टक्के, म्हणजे ११.०७ किलो सांगतं. एका सकाळच्या धावण्यात जवळपास अर्धा किलो चरबी ‘जळाली’ असं ते म्हणेल, आणि गेलं असेल ते सगळं पाणी.

सोप्या पद्धती ताडायला हे मॉडेल का निवडतात, ते या गणितात दिसतं. चरबी सोडून दुसरं काही बदललं तर संदर्भ पद्धतीचं उत्तर हलता कामा नये.

पाणी कसं मोजतात? रक्त काढावं लागतं का?

नाही, लाळेवर काम भागतं. ड्यूटेरियम हा हायड्रोजनचा जड भाऊ. तो किरणोत्सारी नाही, आणि त्याचं पाणी साध्या पाण्यासारखंच पिता येतं. आधी लाळेचा एक नमुना घ्यायचा. मग मोठ्या माणसाला ३० ग्रॅम जड पाणी पाजायचं आणि ३ व ४ तासांनी पुन्हा लाळ घ्यायची. तोंडात कापसाचा बोळा फिरवायचा, तो सिरिंजमध्ये घालून दाबायचा आणि लाळ बाटलीत उतरवून घट्ट बंद करायची. दोन्ही वेळचा आकडा जवळजवळ सारखा आला म्हणजे जड पाणी अंगभर मिसळलं.

आपल्या धावपटूचं गणित असं. ९९.८ टक्के शुद्धतेच्या ३० ग्रॅममध्ये २९,९४० मिलिग्रॅम जड पाणी आहे. लाळेतली वाढ किलोमागे १,००२ मिलिग्रॅम आली. भागाकार केला की २९.८८ किलो. पण ड्यूटेरियम थोडासा प्रथिनांमधल्या वगैरे हायड्रोजनशीही जागा बदलतो, त्यामुळे हा आकडा खऱ्या पाण्यापेक्षा सुमारे ४ टक्के जास्त येतो. १.०४१ ने भागल्यावर २८.७ किलो मिळतात. ही भागणी विसरलेले प्रबंध मी पाहिले आहेत. तिथे एका चुकीने सगळ्यांची चरबी ८०० ग्रॅमच्या आसपास कमी झाली होती.

दुसरी हमखास चूक बाटलीतच होते. तळाशी थोडं जड पाणी राहिलं किंवा एखादा घोट सांडला, तरी गणितात पूर्ण ३० ग्रॅम धरले जातात. समजा ३ टक्के, म्हणजे जेमतेम ०.९ ग्रॅम, पोटात गेलंच नाही. तर पाणी ३ टक्क्यांनी, म्हणजे ०.८६ किलोने जास्त दिसतं आणि चरबी ६०० ग्रॅमने कमी. म्हणून बाटली पिऊन झाली की तिच्यात साधं पाणी घालून विसळायचं आणि तेही पाजायचं, दोनदा. पाजण्यापूर्वी बाटली तिसऱ्या दशांशापर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा.

आकारमान मोजताना सर्वांत जास्त काय चुकतं?

फुफ्फुसांतली हवा. सूत्रात आकारमानाचा गुणक २.७४७ आहे, सर्वांत मोठा. आकारमानात १०० मिलिलिटरची चूक झाली की चरबीत जवळपास २७५ ग्रॅमची होते. पाण्याखाली वजन करताना माणूस पूर्ण श्वास सोडतो, तरी फुफ्फुसांत सुमारे लिटरभर हवा उरते. ती वेगळी मोजून वजा करावी लागते. मोजली नाही, उंची-वयावरून अंदाजाने घेतली आणि तो अंदाज अर्ध्या लिटरने चुकला, तर चरबी जवळपास १.४ किलोने चुकते. एवढ्याने अख्खा अभ्यास वाया जातो.

हवेच्या बंद कक्षात, म्हणजे बॉड पॉडमध्ये, फुफ्फुसांतली हवा वेगळी वागते. ती साध्या हवेपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त दाबली जाते, म्हणून तिचा ४० टक्केच भाग दुरुस्तीत येतो. तिथे अर्ध्या लिटरची चूक आकारमानात ०.२ लिटर आणि चरबीत सुमारे ५५० ग्रॅम इतकी होते. कमी, पण दुर्लक्ष करण्याजोगी नाही. अंगाला घट्ट बसणारे कपडे आणि डोक्यावर स्विमिंग कॅप यांचा आग्रह याच कारणाने धरतात: केसांत आणि सैल कपड्यांत अडकलेली हवाही तशीच जास्त दाबली जाते आणि आकारमान खोटं कमी दिसतं. आमच्याकडच्या मुलींचे लांब केस टोपीत नीट बसवायला वेळ द्या. टोपीतून बाहेर आलेली वेणी हे निष्कर्ष बिघडवणारं खरं कारण ठरतं.

हाडांचा डेक्सा आमच्या ओळखीच्या सेंटरवर होतो. तोच रिपोर्ट चालेल?

बहुतेक वेळा नाही. हाडं ठिसूळ झाली का हे पाहण्यासाठी कंबर आणि खुब्याचाच स्कॅन करतात. तुम्हाला संपूर्ण शरीराचा स्कॅन हवा, आणि रिपोर्टमधून घनता किंवा टी-स्कोअर नाही, तर खनिजाचं एकूण वजन ग्रॅममध्ये उचलायचं आहे. ही चूक इतक्यांदा होते की सेंटरशी बोलतानाच ‘होल बॉडी’ असं लेखी द्या. खुब्यात किंवा गुडघ्यात धातूचा सांधा बसवलेल्या माणसाला गटात घेऊ नका. गरोदर बाईचा हा स्कॅन करत नाहीत.

तिन्ही तपासण्या तीन दिवशी, तीन ठिकाणी केल्या तर?

वर घामाच्या उदाहरणात चरबीचं उत्तर हललं नाही, कारण वजन, आकारमान आणि पाणी एकाच अवस्थेतलं होतं. सोमवारी आकारमान मोजलं आणि गुरुवारी पाणी, मध्ये पाळी आली किंवा उन्हात स्पर्धा झाली, तर तीन वेगळ्या शरीरांचे आकडे एका सूत्रात जातात. पाण्यातला १ किलोचा फरक चरबीत ७१० ग्रॅमचा होतो. हाडांचं खनिज आठवड्यात बदलत नाही, त्यामुळे नाइलाज असेल तर डेक्सा दुसऱ्या दिवशी करा. पण वजन, आकारमान आणि पाणी एकाच सकाळी. क्रमही महत्त्वाचा: आधी बीआयए आणि आकारमान, मग जड पाणी पाजायचं, आणि वाट पाहण्याच्या तासांत स्किनफोल्ड.

ड्यूटेरियम महाग पडतं. बीआयए मशीन एकूण पाणीही दाखवतं. तेच सूत्रात घालू का?

तुम्ही बीआयए तपासत असाल तर मुळीच नाही. ज्या यंत्राची परीक्षा घ्यायची त्याचाच आकडा संदर्भात शिरला की यंत्राची चूक दोन्ही बाजूंना सारखी जाते आणि दोघांचं छान जुळतं. असं जुळलेलं पाहून लोक खूश होतात, पण त्यातून काहीच सिद्ध झालेलं नसतं. शिवाय बीआयएचं पाणीही समीकरणातूनच आलेलं असतं.

मग डेक्सा वापरून डेक्सालाच तपासता येतं का? त्यातही तोच दोष नाही का?

चांगला प्रश्न आहे, परीक्षक हमखास विचारतात. डेक्साचं खनिज संदर्भात येतं, त्यामुळे दोन पद्धती पूर्ण स्वतंत्र नाहीत. पण चार कप्प्यांत डेक्साची चरबी घेत नाही, फक्त खनिज घेतो, आणि त्याचा परिणाम लहान असतो: खनिजात १०० ग्रॅमची चूक झाली तर चरबीत १४६ ग्रॅमची. एवढं गुंतलेपण साधारण मान्य केलं जातं, पण ते प्रबंधात स्पष्ट लिहा.

डेक्साची चरबी थेट घेऊन काम का भागवत नाही, असंही विचारतात. गटाची कल्पना यायला ती पुष्कळ उपयोगी आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आलेला दाखला बऱ्याच जणांना ठाऊक असेल. दोघांचा बीएमआय जवळपास सारखा, २२ च्या आसपास, पण डेक्सावर एकाची चरबी २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१ टक्के. एवढा ढळढळीत फरक डेक्सा व्यवस्थित दाखवतो. पण डेक्साही मऊ भागातल्या पाण्याचं प्रमाण ठरावीक धरून चालतो, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं व सॉफ्टवेअर एकाच माणसाला वेगळा आकडा देऊ शकतात. दोन-तीन टक्क्यांचा वाद मिटवायचा असेल तेव्हा त्याच्या वरचा संदर्भ लागतो.

हाडं सोडून तीनच कप्पे केले तर?

वजन, आकारमान आणि पाणी एवढंच मोजून, खनिज हे प्रथिनांच्या ०.३५ पट धरण्याची पद्धत सिरींनीच दिली आहे. आपल्या धावपटूला ती लावली तर उत्तर येतं १०.१ किलो, म्हणजे चार कप्प्यांइतकंच! तिची प्रथिनं सुमारे ६.९ किलो आणि खनिजं २.३ किलो, म्हणजे प्रमाण ०.३३. गृहीतकाच्या जवळच. निरोगी तरुणांमध्ये मोठा बदल पाण्याचा असतो, आणि ते मोजलं की बहुतेक काम झालं. तुमच्या गटात ठिसूळ हाडांच्या वयस्क बायका असतील, वाढीची मुलं असतील किंवा आजाराने स्नायू झडलेली माणसं असतील, तर खनिजाचा कप्पा सोडू नका. पैसे मर्यादित असतील तर माझं मत सरळ आहे: डेक्सापेक्षा आधी ड्यूटेरियमवर खर्च करा.

चार कप्प्यांचं मॉडेल स्वतः किती अचूक आहे?

यातही गृहीतकं उरतात, पण लहान. उरलेला भाग सगळा प्रथिनांच्या घनतेचा मानला जातो, त्यात थोडं ग्लायकोजेनही असतं आणि त्याची घनता १.५२ आहे. हाडाबाहेरची खनिजं प्रमाणाने धरली जातात. मोठी काळजी वेगळीच आहे: तीन मोजण्या म्हणजे तीन चुका, आणि त्या एकत्र येतात.

समजा पाण्यात ०.५ किलो, आकारमानात ०.१ लिटर आणि खनिजात ०.०३ किलो अनिश्चितता आहे. चरबीवर त्यांचा परिणाम अनुक्रमे ०.३६, ०.२७ आणि ०.०४ किलो. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ०.४५ किलो, म्हणजे आपल्या धावपटूसाठी साधारण १ टक्का. एवढं मिळालं तर काम उत्तम झालं. पण आकारमान निष्काळजीपणे मोजलं तर हे मॉडेल साध्या स्किनफोल्डपेक्षाही वाईट उत्तर देऊ शकतं. म्हणून मुख्य अभ्यासाआधी काही जणांची दोन वेगळ्या सकाळी पूर्ण मोजणी करा आणि तुमच्या हाताची चूक किती आहे ते कळू द्या. कुठली तरी छापील टक्केवारी उचलून लिहू नका.

काही तरी चुकलं आहे हे ओळखायची एक खूण सांगते. प्रत्येक माणसाच्या चरबीविरहित शरीरात पाणी किती टक्के आलं ते काढा. निरोगी प्रौढात ते साधारण ७० ते ७७ च्या दरम्यान पडतं. कुणाचं ६५ किंवा ८२ आलं तर आधी बाटली, लाळेचा नमुना आणि आकारमानाची नोंद तपासा. तो माणूस विलक्षण आहे हा निष्कर्ष सर्वांत शेवटी.

बीआयए आणि चार कप्पे यांचा सहसंबंध ०.९ आला. म्हणजे मशीन बरोबर ना?

नाही. मशीन प्रत्येकाला ५ टक्के जास्त दाखवत असेल तरी सहसंबंध ०.९ च काय, १ सुद्धा येऊ शकतो. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली सुचवलेली रीत वापरा: प्रत्येक माणसासाठी दोन पद्धतींमधला फरक काढा आणि तो दोघांच्या सरासरीसमोर मांडा.

समजा सरासरी फरक अधिक २ टक्के आला आणि फरकांचं प्रमाण विचलन ३. तर ९५ टक्के लोकांत मशीनची चूक उणे ३.९ पासून अधिक ७.९ पर्यंत पसरलेली आहे. सरासरीतले २ टक्के दुरुस्त करता येतात, हा पसारा कुणालाच दुरुस्त करता येत नाही. दोन गावांच्या सरासरी चरबीची तुलना करायला असं मशीन चालेल. एका मुलीला तू जाड आहेस असं सांगायला चालणार नाही. आलेखात ठिपके तिरके चढताना किंवा उतरताना दिसले, तर मशीन बारीक आणि लठ्ठ माणसांत वेगवेगळं चुकतं आहे. भारतीय गटांमध्ये हे मुद्दाम बघा, कारण बऱ्याच मशीनची समीकरणं आपल्या बांध्याच्या लोकांवर बसवलेली नाहीत.

हिवाळ्यात मशीनवर चरबी जास्त का दिसते?

निफाडच्या थंडीत पहाटे अनवाणी आलेल्या मुलाचे पाय गार असतात. कातडी गार असली की विजेला अडथळा वाढतो, आणि मशीन त्याला चरबी समजतं. अर्धा तास उबेत बसवून मगच मोजा.

नमुने तपासायला कुठे पाठवायचे?

लाळेतलं ड्यूटेरियम एफटीआयआर यंत्रावर मोजता येतं, अधिक बारीक काम हवं असेल तर आयसोटोप रेशो मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेत स्थिर आयसोटोपवर अनेक वर्षं काम होत आलं आहे. अशा ठिकाणी आधी लिहून त्यांच्या पद्धतीनेच नमुने घ्या. बाटलीचं झाकण स्क्रूचं आणि आतून रबराचं असावं, कारण लाळेतलं पाणी उडून गेलं तर उरलेल्या लाळेतलं ड्यूटेरियमचं प्रमाण बदलतं. हवेतली वाफही आत शिरता कामा नये. प्रत्येक बाटलीवर वेळ लिहा, तिसऱ्या आणि चौथ्या तासाच्या बाटल्या वेगळ्या पिशव्यांत ठेवा, आणि जड पाणी पाजायच्या आधीचा नमुना त्या खोलीत जड पाण्याची बाटली उघडण्यापूर्वीच बंद करून बाहेर न्या. पाजणाऱ्याच्या हाताला लागलेला एक थेंबही त्यात गेला तर त्या माणसाची सगळी मोजणी पुन्हा करावी लागते.